ऑनर्स लिस्टला ९.०० पाहिजे, आठव्या सेमला किती पाडायला लागतील?

उचगावची_पोर

नमस्कार मंडळी, इथं बरेच इंजिनीअरिंगवाले आणि मास्तर लोक असतात म्हणून विचारतेय. मी बीटेक शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच, कॉलेजचं नाव घेत नाही. आमचं कॉलेज ऑटोनॉमस आहे आणि पदवीदानाच्या वेळी एक टॉप ऑनर्स लिस्ट लागते, त्याला अट एकच की सगळे १६० क्रेडिट धरून सीजीपीए ९.०० किंवा वर, आणि सगळे विषय पहिल्या अटेम्प्टला सुटलेले. माझा एकही बॅकलॉग नाही. काल सातव्या सेमचा रिझल्ट लागला. माझे आकडे असे:

पहिलं सेम २० क्रेडिट, ८.४०
दुसरं २० क्रेडिट, ८.६५
तिसरं २२ क्रेडिट, ८.९१
चौथं २१ क्रेडिट, ९.१९
पाचवं २१ क्रेडिट, ९.१०
सहावं २० क्रेडिट, ९.२०
सातवं २० क्रेडिट, ९.३०

आठवं सेम १६ क्रेडिटचं आहे, त्यात १० क्रेडिटचा प्रोजेक्ट आणि ३-३ क्रेडिटचे दोन इलेक्टिव्ह, त्यातला एक एनपीटीईएलवरून करायचाय. क्रेडिट कमीजास्त करता येत नाहीत, कट-ऑफ पण हलत नाही. मग आठव्याला नेमकं किती पाहिजे? घरात बाबा म्हणतात बघू की नंतर, पण मला आत्ताच कळायला पाहिजे कारण प्लेसमेंटचं ट्रेनिंग पण ह्याच सेमला आहे आणि वेळ कुठं घालायचा ते ठरवायचंय.

गांधीनगर_बाजार

पोर्टलवर सीजीपीए किती दाखवतंय?

उचगावची_पोर

८.९७

गांधीनगर_बाजार

मग काय टेन्शन, ०.०३ कमी आहे, आठव्याला ९.०३ पाड आणि पेढे वाट. सातव्याला ९.३० पाडलेत म्हणजे झोपेत होईल.

नाद_खुळा_मेकॅनिकल

ओ भाऊ असं नसतंय ते. मागच्या सात सेमचा खड्डा एका सेमला भरायचाय, ९.०३ नं कसा भरंल? हे बघ ताई, मी दोन वर्षापूर्वी पास आऊट झालोय, आम्ही असं काढायचो. आठ सेम गुणिले ९ म्हंजे ७२. तुझ्या सात सेमची बेरीज ६२.७५ येतीय, मी दोनदा केली. ७२ वजा ६२.७५ म्हंजे ९.२५. आठव्याला ९.२५ पाहिजे, विषय संपला. प्रोजेक्टला ओ घे आणि दोन्ही इलेक्टिव्हला ए, बरोब्बर ९.२५ बसतंय. प्रोजेक्टला ओ तर सगळ्यांनाच देत्यात.

उचगावची_पोर

थँक्यू दादा! एनपीटीईएलला ए म्हणजे जमेल असं वाटतंय. चला, जीव भांड्यात पडला.

टेंबलाईवाडी_काका

बाळ, जीव परत बाहेर काढ जरा. मी २६ वर्षं परीक्षा विभागात काढलीत, आता निवृत्त आहे, पण हा हिशोब दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी रडत घेऊन यायचं म्हणून सांगतो.

मेकॅनिकलवाल्या दादांनी सगळी सेम एकसारखी धरली. तुझी सेम एकसारखी नाहीत. तिसरं २२ क्रेडिटचं आहे आणि आठवं १६ चं, म्हणजे आठव्याचं वजन सगळ्यात कमी, आणि खड्डा भरायचा त्याच सेमनं. म्हणून साध्या सरासरीनं आलेला आकडा तुझ्या बाबतीत कमीच येणार. सरासरी विसर, पॉइंट मोज. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेडचे पॉइंट, ओ चे १०, ए प्लस चे ९, ए चे ८, बी प्लस चे ७ असं. तुझ्या आकड्यांवरून पहिल्या सेमला १६८ पॉइंट, मग १७३, १९६, १९३, १९१, १८४ आणि सातव्याला १८६. एकूण १२९१, क्रेडिट १४४. लिस्टला पाहिजेत १६० गुणिले ९ म्हणजे १४४०. राहिले १४९. सोळा क्रेडिटमध्ये १४९ पॉइंट म्हणजे ९.३१.

आता दादांचा ९.२५ वाला रस्ता बघ. प्रोजेक्टला ओ म्हणजे १००, दोन्ही इलेक्टिव्हला ए म्हणजे २४ आणि २४, झाले १४८. एकूण १४३९. भागिले १६०, येतंय ८.९९३७५, आणि ग्रेडकार्डावर छापून येणार ८.९९. एका पॉइंटनं. अशी पोरं मी बघितलीत, त्यांना समजावणं लई अवघड असतंय.

नाद_खुळा_मेकॅनिकल

काका मानलं तुम्हाला 🙏 पण आमच्या बॅचला हाच फॉर्म्युला बरोबर यायचा की ओ.

टेंबलाईवाडी_काका

तुमच्या वेळी सगळ्या सेमना सारखे क्रेडिट असतील तर येणारच, तेव्हा दोन्ही हिशोब एकच होतात. आणि क्रेडिट वेगळे असले तरी फरक दुसऱ्या दशांशाच्या आसपास पडतो, त्यामुळं ज्याला ८.५ पाहिजे आणि ८.८ आहे त्याला कधी कळतच नाही की हिशोब चुकलाय. उंबऱ्यावर असलेल्यालाच ठेच लागते.

गांधीनगर_बाजार

म्हणजे माझं ९.०३ तर कुठल्या कुठं गेलं 😅 पण काका ०.०३ नी मागं असलेल्याला ०.३१ नी पुढं जायला लागतंय हे डोक्यात बसत नाही, दहापट कशाला?

टेंबलाईवाडी_काका

नऊपट. झालेले क्रेडिट १४४, राहिलेले १६, १४४ भागिले १६ म्हणजे ९. मागं राहिलेला प्रत्येक क्रेडिट राहिलेल्या सोळांच्या डोक्यावर बसलाय. तुम्ही महिनाभर रोज २० रुपये कमी जमवले आणि शेवटच्या तीन दिवसात भरून काढायचं ठरवलं तर रोज २० रुपये जास्त टाकून भागतंय का, तसंच. आणि पोर्टलचा ८.९७ पण पूर्ण खरा नाही, खरा ८.९६५३ आहे, पोर्टलनं वर ढकललाय. ०.०३ ला नऊनं गुणलं तर ९.२७ येईल, खऱ्या फरकाला गुणलं तर ९.३१. म्हणून म्हणतोय पॉइंट मोजा, दशांश चिन्हानंतरचं सगळं फसवं असतंय.

हुपरी_चांदीवाला

मी आयटीत आहे, हे शीटमध्ये टाकून बघा, बी कॉलममध्ये क्रेडिट आणि सी कॉलममध्ये एसजीपीए, ओळ २ ते ८:

```
=(9*160-SUMPRODUCT(B2:B8,C2:C8))/16
```

माझ्याकडं ९.३०५६ आलं, काकांचं ९.३१२५ आहे, थोडा फरक का येतोय?

टेंबलाईवाडी_काका

कारण एसजीपीए पण राउंड केलेला आहे. तिसऱ्या सेमला ८.९१ गुणिले २२ केलं तर १९६.०२ येतं, खरे पॉइंट १९६ च. क्रेडिट पूर्ण आकड्यात असतील तर पॉइंट पण पूर्णच असणार, अपूर्णांक दिसला की समजायचं तो राउंडिंगचा कचरा आहे.

हुपरी_चांदीवाला

बरोबर, मग प्रत्येक ओळ आधी राउंड केली की झालं:

```
=(9*160-SUMPRODUCT(ROUND(B2:B8*C2:C8,0)))/16
```

आता ९.३१२५ च येतंय 👍 फक्त कुणाच्या कॉलेजला लॅब दीड क्रेडिटची असेल तर हे चालणार नाही, तिथं ग्रेडकार्डावरचे पॉइंटच टाका.

रंकाळा_संध्याकाळ

माझ्या माहितीप्रमाणे ऑनर्ससाठी ७५ टक्के लागतात, ते पण पहिल्या सहा सेमचे. आठव्या सेमचा संबंधच येत नाही. माझा पुतण्या बीएस्सीला आहे, त्याला कॉलेजमध्ये हेच सांगितलंय. उगाच पोरीला घाबरवू नका.

टेंबलाईवाडी_काका

ते वेगळं आहे ताई. तुम्ही म्हणताय ते चार वर्षाच्या पदवीतलं ऑनर्स विथ रिसर्च, तिथं सहा सेमला ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी रिसर्चला घेतात. ती आत जायची अट आहे, आणि हिची शेवटी नाव लागायची यादी आहे. शब्द एकच असल्यानं गोंधळ होतो. बीटेकला आणखी एक तिसरं ऑनर्स पण असतंय, १८ ते २० क्रेडिट जादाचे करून पदवीवर ऑनर्स लिहून मिळतं ते. उचगावच्या बाळा, तू ते घेतलं नाहीस ना?

उचगावची_पोर

नाही काका, नुसते १६०.

टेंबलाईवाडी_काका

मग बरंय. ते जादाचे क्रेडिट सीजीपीएत धरतात का वेगळे ठेवतात हे प्रत्येक कॉलेजच्या नियमात वेगवेगळं असतंय आणि धरले तर वरचा सगळा हिशोब बदलतो.

जोतिबा_रोड

काका माझं पण बघा की. मी हिच्याच सारख्या स्कीमला आहे पण एक वर्ष मागं, आत्ता सहावं सेम झालं, १२४ क्रेडिट, पोर्टलला ८.७०. म्हंजे राहिले ३६ क्रेडिट. मित्र म्हणतोय अजून दोन सेम हाईत, मनावर घेतलं तर होतंय.

टेंबलाईवाडी_काका

एकूण पॉइंट किती ते ग्रेडकार्डावरून बेरीज करून सांग. ८.७० म्हणून नको सांगू.

जोतिबा_रोड

१०७९

टेंबलाईवाडी_काका

१४४० वजा १०७९ म्हणजे ३६१. छत्तीस क्रेडिटमध्ये सगळीकडं ओ आला तरी ३६०. एका पॉइंटनं दार बंद आहे बाळा. १०८० असते तर कागदावर शक्य होतं, म्हणजे सलग दोन सेम एकही ए प्लस न घेता, जे मी २६ वर्षात बघितल्याचं आठवत नाही. तू लिस्टचा विचार सोड आणि ८.७५ च्या वर राहायचं बघ. काही ठिकाणी सीजीपीएचे टक्के करताना ०.७५ वजा करून दहानं गुणतात, तुझ्या कॉलेजला तसं असेल तर ८.७५ ला ८० टक्के होतात.

जोतिबा_रोड

बरं झालं सांगितलं. एका पॉइंटनं जायचं म्हणजे पहिल्या सेमचं ग्राफिक्स डोळ्यासमोर आलं 😔

नाद_खुळा_मेकॅनिकल

ग्राफिक्सनं कुणाचं भलं केलंय भावा

साताऱ्याची_मावशी

मी माहेरची कोल्हापूरचीच, भाची अमेरिकेत शिकते, तिचंही असंच चाललंय म्हणून वाचत बसले. तिच्याकडे ४ पैकी असतं आणि सगळ्यात वरच्या मानाला, सुमा कुम लाउडे म्हणतात ते, तिच्या विद्यापीठात ३.९० लागतात. तिचे १२० पैकी ९० क्रेडिट झालेत आणि ३.८६ आहे. डीन्स लिस्टला तर प्रत्येक सेमला तिचं नाव असतं. मग हे पण होईलच ना?

टेंबलाईवाडी_काका

ताई, डीन्स लिस्ट त्या एका टर्मच्या सरासरीवर लागते, दर टर्मला पाटी कोरी. सुमा सगळ्या टर्म मिळून. म्हणून पोरगी दर टर्मला लिस्टवर असून पण शेवटी सुमाला मागं राहू शकते. तिचा आकडा करून बघा, ०.०४ मागं, झालेले ९० भागिले राहिलेले ३० म्हणजे तिप्पट, ०.१२. म्हणजे राहिलेल्या क्रेडिटला ४.०२ पाहिजे. तिथं ए प्लसला किती देतात?

साताऱ्याची_मावशी

विचारलं आत्ता, ए प्लसला पण ४ च.

टेंबलाईवाडी_काका

मग ३.८६ हा राउंड होऊन खाली आलेला असेल तरच काही आशा. खरा आकडा ३.८६६७ च्या वर असता तर जमलं असतं, पण मग पोर्टलनं ३.८७ दाखवलं असतं. पोर्टल राउंड न करता नुसते दोनच आकडे दाखवून पुढचे कापत असेल तर गोष्ट वेगळी. तिला एकूण पॉइंट विचारायला सांगा, ३४८ असतील तर सगळे ए घेऊन काठावर बसते.

साताऱ्याची_मावशी

बापरे. तिला आत्ता सांगत नाही, परीक्षा चालू आहे.

उचगावची_पोर

काका परत माझ्यावर येते. ९.३१ पाहिजे हे कळलं, पण ९.३१ म्हणजे नेमके कुठले ग्रेड? सातव्याला ९.३० होतं म्हणजे तेवढंच परत पाडायचं असं समजू का?

टेंबलाईवाडी_काका

नाही, आणि हीच तुझ्या प्रश्नातली खरी मेख आहे. सातव्याला सात आठ विषय होते, कुठं कमी पडलं तर दुसरीकडं भरून निघायचं. आठव्याला तीनच गोष्टी आहेत आणि त्यातली एक १० क्रेडिटची. ९.३१ हा आकडा तुला मिळूच शकत नाही, तीन ग्रेडच्या जुळणीतून जे बसेल तेच मिळणार.

उलटं मोज. सगळीकडं ओ आला तर १६०. पाहिजेत १४९. म्हणजे तुझ्याकडं गमवायला ११ पॉइंट आहेत. इलेक्टिव्हमध्ये एक पायरी खाली आलीस की ३ जातात, प्रोजेक्टमध्ये एक पायरी खाली आलीस की १०.

प्रोजेक्टला ओ मिळाला तर ११ मधून इलेक्टिव्हच्या तीन पायऱ्या परवडतात, ९ जातात. एकात ए प्लस आणि दुसऱ्यात ए चालतंय, किंवा एकात ओ आणि दुसऱ्यात बी प्लस पण चालतंय. दोन्हीत ए म्हणजे चार पायऱ्या, १२, तिथंच तो एक पॉइंट हुकतोय. आणि प्रोजेक्टला ए प्लस आला तर १० गेले, एक राहिला, एका पॉइंटमध्ये इलेक्टिव्हची एक पण पायरी बसत नाही, दोन्हीकडं ओ च पाहिजे. प्रोजेक्टला ए आला तर विषय तिथंच संपला, इलेक्टिव्ह बघायची पण गरज नाही.

नाद_खुळा_मेकॅनिकल

म्हंजे सगळा खेळ प्रोजेक्टच्या ग्रेडवर, आणि ती पोरगी वेळ घालणार एनपीटीईएलच्या असाइनमेंटवर 😄

उचगावची_पोर

खरं सांगू का तसंच ठरवलं होतं. प्रोजेक्ट चार जणांचा ग्रुप आहे, सगळ्यांना जवळजवळ सारखेच मार्क देतात, मला वाटायचं ते आपल्या हातातच नाही.

मास्तर_राजारामपुरी

मी एका कॉलेजला शिकवतो, प्रोजेक्ट गाइड असतो. सारखे मार्क देतात हे अर्धंच खरं. बऱ्याच ठिकाणी अर्धे मार्क मधल्या रिव्ह्यूजचे असतात आणि ते प्रत्येकाचे वेगळे टाकायचा कॉलम असतो, आम्हीच आळस करून सारखे टाकतो, हे कबूल. पण पोरगं स्वतःचा भाग स्वतः सांगू शकलं तर फरक पडतो. तुमच्या स्कीममध्ये ओ ला किती टक्के आणि रिव्ह्यूचे किती मार्क ते सिलॅबसच्या पुस्तकात असतं, ते आधी काढ. पहिल्या रिव्ह्यूला २० पैकी १५ पडले की ९० च्या वर जायला पुढं फारशी जागा उरत नाही, आणि पोरांना ते शेवटच्या व्हायव्हाला कळतं.

एनपीटीईएलचं पण बघून घे. बारा आठवड्याच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ टक्के, बारापैकी चांगल्या आठ धरतात, आणि परीक्षेचे ७५. असाइनमेंटला सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात त्यामुळं पोरांना वाटतं ओ आलाच. परीक्षेत ७५ पैकी ६५ पडले तरच बेरीज ९० ला जाते, तेवढे फार थोड्यांना पडतात. त्यामुळं तिथं ओ गृहीत धरूच नको, ए धर आणि कॉलेजमधल्या दुसऱ्या इलेक्टिव्हला ए प्लस घे. प्रोजेक्टला ओ आला तर तेवढ्यात बसतंय ना काका?

टेंबलाईवाडी_काका

बसतंय सर. १०० अधिक २४ अधिक २७, १५१. दोन पॉइंट शिल्लक, पण त्या दोनचा काही उपयोग नाही, तीनशिवाय पायरी नाही.

गांधीनगर_बाजार

आणि समजा ८.९९ च आलं तर? ८.९९३७५ म्हणजे ९ च की ओ, अर्ज करून राउंड करून घेता येत नाही का? एक दशांश धरला तर ९.० होतंय.

टेंबलाईवाडी_काका

यूजीसीच्या नियमावलीत दोन दशांशापर्यंत राउंड करायचं म्हटलंय आणि बहुतेक कॉलेजं तेच लावतात. दोन दशांशाला ते ८.९९ च. मी असताना असे अर्ज यायचे, एकदा एका बैठकीत मंजूर झाल्याचं बघितलंय, पुढच्या वर्षी तसाच अर्ज नामंजूर. त्यावर विसंबू नये.

मास्तर_राजारामपुरी

इथं मी काकांशी थोडा असहमत आहे. कट-ऑफ न राउंड केलेल्या आकड्याला लावायचा का छापलेल्या आकड्याला, हे आमच्या नियमात लिहिलेलंच नाही. ८.९९५ च्या वर असेल तर छापून ९.०० येतं आणि यादीत नाव लागतं, म्हणजे १४३९.२ पॉइंटला पण लागलं असतं.

टेंबलाईवाडी_काका

तुमचं बरोबर आहे सर, पण हिचे पॉइंट पूर्ण आकड्यात आहेत, १४३९ नंतर १४४० च, १४३९.२ येणारच नाही. हिच्यासाठी दोन्ही नियम एकच.

मास्तर_राजारामपुरी

हां, ते खरं. दीड क्रेडिटवाल्यांना मात्र विचारून ठेवायला पाहिजे.

रंकाळा_संध्याकाळ

पुतण्याच्या ७५ टक्क्यात पण राउंड करतात का हो? त्याचे ७४.८ आहेत.

हुपरी_चांदीवाला

त्याचा वेगळा धागा काढा ताई, इथं ती पोरगी हरवून जाईल.

उचगावची_पोर

अपडेट देते. सिलॅबसचं पुस्तक काढलं. प्रोजेक्टला १०० मार्क, त्यात दोन रिव्ह्यू २५-२५ चे आणि शेवटचा व्हायव्हा ५० चा. ओ ९० ला आहे. आणि पहिला रिव्ह्यू पुढच्या मंगळवारी आहे, आमच्या ग्रुपची अजून पीपीटी पण झालेली नाही 😬

मास्तर_राजारामपुरी

२५ पैकी २२ च्या खाली येऊ देऊ नको. तुझा भाग कुठला आहे?

उचगावची_पोर

सेन्सरचा डेटा गोळा करायचा आणि कॅलिब्रेशन. रीडिंग घेतलीत पण ग्राफ काढलेले नाहीत.

मास्तर_राजारामपुरी

मग ग्राफ आधी काढ, पीपीटी बाकीचे तिघं करतील. कॅलिब्रेशनला किती रीडिंग घेतलीस आणि एरर किती आला हे दोन प्रश्न नक्की येणार.

नाद_खुळा_मेकॅनिकल

आणि मंगळवारी काय झालं ते इथं सांग, आम्ही फडतरेला मिसळ खात वाट बघतोय.